नवीन घराचं महिन्याचं लाईट बिल: वॅट, तास आणि खरे युनिट

गेली वीस-बावीस वर्षं मी फोंडा परिसरात घरांच्या वायरिंगची कामं करतो. नवीन जोडणी दिली की घरमालक किंवा भाडेकरू हमखास विचारतो, "महिन्याला बिल साधारण किती येईल?" रुपयांचा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण दर बदलत राहतात. पण युनिटांचा अंदाज घरच्या घरी कागदावर काढता येतो, आणि तो बराचसा खरा ठरतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाठीवरच्या पाटीवर छापलेले वॅट गुणिले तास हा हिशोब दिवा, पंखा, टीव्हीला बरोबर लागू होतो. फ्रिज, गिझर आणि एसीला तो तसाच लावला तर उत्तर दुपटीनं चुकतं.

दिवाळीनंतर माझा भाचा सावंतवाडीहून फोंड्याला राहायला आला. फर्मागुडीच्या बाजूला दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. पहिल्याच रविवारी तो वही घेऊन माझ्याकडे आला. "मामा, एसी घेतला तर महिन्याला 683 युनिट होतात. एवढं परवडायचं नाही." त्याची बेरीज बरोबर होती. चुकली होती ती रीत. त्याच वहीवर आम्ही दोघांनी हिशोब पुन्हा मांडला, तोच इथे देतो.

सुरुवात मीटरपासून करा

घराची किल्ली हातात पडेल त्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. पडद्यावर आकडे आळीपाळीनं बदलत असतात: कधी तारीख, कधी वेळ, कधी व्होल्टेज. ज्या आकड्याशेजारी kWh दिसतं तोच आपला. एक kWh म्हणजे एक युनिट. आधीच्या भाडेकरूचे युनिट आपल्या गळ्यात पडू नयेत म्हणून हा फोटो लागतो, आणि पुढे आपला अंदाज तपासायलाही तोच पहिला आकडा असतो.

साध्या वस्तूंचा हिशोब

एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होतो. शंभर वॅटची दहा तास चालली तरी एकच युनिट. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी वॅट × रोजचे तास ÷ 1000 केलं की रोजचे युनिट मिळतात, आणि त्याला 30 नं गुणलं की महिन्याचे.

वहीत वस्तूंची यादी खोलीवार करा. नुसतं "पंखे तीन, बारा तास" असं लिहू नका. हॉलचा पंखा दिवसा चालतो, झोपायच्या खोलीतला रात्री, आणि मुलीच्या खोलीतला अभ्यासापुरता. भाच्याच्या घरी हॉलचा 10 तास, मोठ्या बेडरूमचा 9 आणि मुलीच्या खोलीचा 5, म्हणजे एकूण 24 पंखा-तास. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात 75 वॅटच्या आसपास ओढतो. 24 × 75 म्हणजे 1800 वॅट-तास, रोजचे 1.8 युनिट, महिन्याचे 54.

हा आकडा बघून भाचा थबकला. पंख्याकडे कुणी खादाड म्हणून बघत नाही, पण गोव्यातल्या दमट हवेत तो बंद होतच नाही, आणि तासांच्या जोरावर तो गिझरलाही मागे टाकतो. नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटवर चालतात. तेच 24 तास धरले तर महिन्याला बावीसच्या आत भागतं. तीनही पंखे एकदम बदलायची गरज नाही. ज्याचे तास सर्वात जास्त, तो आधी बदला.

दिव्यांचं फारसं काही उरलेलं नाही. एलईडी ट्यूब 20 वॅटची, बल्ब 9 वॅटचा. त्यांच्या घरी सगळे दिवे मिळून महिन्याला 9 युनिट झाले. दिवे विझवण्यावरून घरात वाद घालू नका, त्यात फार वाचत नाही.

चोवीस तास चालू राहणाऱ्या लहान वस्तूंकडे मात्र नीट बघा. वायफायचा डबा दहाएक वॅटचा, पण दिवसरात्र चालतो, म्हणून महिन्याला 7 युनिटांहून थोडं जास्त खातो. सेट टॉप बॉक्सचंही तेच; टीव्ही रिमोटनं बंद केला तरी बॉक्स जागाच असतो. भाच्याचा टीव्ही 80 वॅटचा आणि रोज चार तास चालणारा. टीव्ही, बॉक्स आणि वायफाय मिळून 24 युनिट, आणि त्यातले चौदा या दोन लहान डब्यांचे.

उरलेलं भराभर सांगतो. मिक्सर 750 वॅटचा, रोज नारळाचं वाटण धरून दहा मिनिटं: महिन्याला 4 युनिट. इस्त्री 1000 वॅटची असली तरी तापली की मधून मधून आपोआप बंद होते, म्हणून निम्मीच धरली: 3. वॉशिंग मशीन थंड पाण्यावर वीस वेळा: 4. मशीन स्वतः पाणी तापवत असेल तर हा आकडा बराच वाढतो, तेव्हा कोणत्या प्रोग्रॅमवर धुता ते आधी बघा. भाचेसूनेचा लॅपटॉप सहा तास आणि मोबाईल मिळून 11. चार्जरवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्तचा असतो, म्हणून लॅपटॉपला तो पूर्ण धरला की अंदाज थोडा वरच राहतो, ते चालतं.

इथवरची बेरीज 109. भाच्याच्या वहीतही हेच 109 होते. फरक पडला तो पुढच्या तीन वस्तूंत.

फ्रिज: पाटी सोडा, लेबल वाचा

फ्रिजच्या मागच्या पाटीवर 180 वॅट लिहिलं होतं. भाच्यानं 180 × 24 × 30 करून 130 युनिट मांडले होते. फ्रिजचा स्विच चोवीस तास चालू असतो हे खरं, पण आतला कॉम्प्रेसर आत हवी तेवढी थंडी झाली की थांबतो, आणि नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये तो हळू चालतो. म्हणून पाटीवरच्या वॅटवरून काही कळत नाही.

फ्रिजच्या दारावर ताऱ्यांचं लेबल असतं आणि त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. या फ्रिजवर 210 होते. बाराने भागल्यावर महिन्याचे 17.5. मी त्यात चौथा हिस्सा वाढवून 22 धरतो, कारण लेबलचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. आपल्या घरी दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, दुपारचं कोमट कालवण आत जातं, आणि बाहेरची दमट हवा प्रत्येक वेळी आत शिरते. त्या हवेतली वाफ आत पाणी होऊन बसते आणि तिला थंड करायलाही वीज लागते.

गिझर: वेळ नको, बादल्या मोजा

गिझर 2000 वॅटचा, रोज एक तास चालू, म्हणून भाच्यानं 60 युनिट लिहिले होते. पण गिझरचं बटण एक तास चालू असणं आणि त्याची कॉइल एक तास तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी तापलं की थर्मोस्टॅट कॉइल तोडतो, बाहेरचा लाल दिवा विझतो.

खरा हिशोब पाण्याचा आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तशी 860 कामं एका युनिटात होतात. म्हणून लिटर × किती अंश तापवायचं ÷ 860 हे साधं सूत्र वापरा. नोव्हेंबरात टाकीतलं पाणी 27 अंशांच्या आसपास धरू. अंघोळीचं पाणी 40 अंशांचं, म्हणजे 13 अंश वाढवायचे. बादली 20 लिटरची. 20 × 13 ÷ 860 म्हणजे एका बादलीला 0.3 युनिट. तिघांच्या तीन बादल्या 0.9, त्यात गिझरच्या अंगातून वाया जाणारी उष्णता धरून रोजचा 1 युनिट. महिन्याचे 30, भाच्यानं धरले त्याच्या निम्मे.

गिझरमध्ये पाणी साठ अंशांना तापवून मग त्यात थंड मिसळलं तरी हिशोब फारसा हलत नाही, कारण शेवटी अंगावर तीच बादली येते. हलतो तो दोन कारणांनी. एक, शॉवरखाली दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं की एका बादलीच्या तीन बादल्या होतात. दुसरं, गिझर दिवसभर चालू ठेवला की टाकीतलं पाणी निवत राहतं आणि कॉइल ते पुन्हा पुन्हा तापवत राहते. सकाळी लाल दिवा विझला की बटण बंद करा, ते पाणी तिघांच्या अंघोळीला पुरत नसेल तर मधे पुन्हा लावा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा हे 30 दहावर येतात.

एसी: सर्वात मोठी चूक इथे होते

एसी अजून घ्यायचा होता, पण भाच्यानं दुकानातून माहितीपत्रक आणलं होतं. दीड टन, तीन तारे, इन्व्हर्टर. पत्रकावर 1600 वॅट. रात्रीचे आठ तास, महिनाभर: 384 युनिट. त्याच्या 683 मधला निम्म्याहून जास्त भाग हा एकटा होता.

इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात चालतो तो सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास. खोली गार झाली की कॉम्प्रेसरचा वेग उतरतो आणि पहाटेपर्यंत तो थोड्याच विजेवर खोली राखतो. एसीच्या लेबलवरही वर्षाचे युनिट असतात, पण ते 1600 तासांच्या वापरासाठी काढलेले असतात. म्हणून त्यांना बाराने भागायचं नाही, 1600 ने भागायचं. या मॉडेलवर 960 होते. 960 ÷ 1600 म्हणजे तासाला 0.6 युनिट. आठ तासांचे 4.8, महिन्याचे 144.

गोव्यासाठी मी त्यात पंधरा टक्के वाढवतो. इथली उष्णता नागपूरसारखी कोरडी नाही. मेच्या रात्रीही हवा पाण्यानं भरलेली असते, आणि एसीला हवा गार करण्याबरोबर तिच्यातलं पाणीही काढावं लागतं. बाहेरच्या नळीतून बादलीत जे पाणी साचतं, ते काढायला वीज खर्च झालेली असते. वाढवून आकडा 165 झाला. खिडकीची फट उघडी राहिली, किंवा 26 ऐवजी 20 वर लावला, तर तो याहूनही वर जाईल. किनाऱ्याजवळच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. खाऱ्या वाऱ्यानं बाहेरच्या युनिटच्या जाळीच्या पात्या झिजून पांढऱ्या भुकटीसारख्या होतात, उष्णता बाहेर पडत नाही, आणि तोच एसी तेवढ्याच थंडीला जास्त वीज ओढायला लागतो.

एक महिना नको, तीन महिने मांडा

वर्षाचा एकच आकडा काढून उपयोग नाही. नोव्हेंबर, मे आणि जुलै असे तीन वेगळे रकाने करा.

नोव्हेंबरात 109, फ्रिजचे 22 आणि गिझरचे 30 मिळून 161 युनिट. मेमध्ये पंख्यांचे तास वाढून ते 54 वरून 68 होतात, फ्रिज 24, गिझर 10. तेवढे मिळून 157, आणि एसीचे 165 धरून 322. जुलैत एसी बंद, पंखे रात्रीपुरते म्हणून 32, अंधारून आल्यानं दिवे थोडे जास्त, 12, फ्रिज 20, पाणी गार म्हणून गिझर 33: एकूण 143. भाच्याला वाटलेले 683 कोणत्याच महिन्यात येत नव्हते.

तरी मे महिन्याच्या 322 कडे एका कारणानं नीट बघा. घरगुती दर टप्प्यांचे असतात. पहिले युनिट स्वस्त, पुढच्या टप्प्यातले महाग. म्हणजे एसीचे 165 युनिट नेहमीच वरच्या, महाग टप्प्यांत जाऊन बसतात. वीज खात्याच्या बिलावर टप्पे आणि त्यांचे दर छापलेले असतात. सगळ्या युनिटांना एकच सरासरी दर लावून रुपये काढू नका. प्रत्येक टप्प्याचे युनिट वेगळे करून गुणा, आणि स्थिर आकार शेवटी मिळवा. बिल किती दिवसांचं आहे तेही पाहा. चौतीस दिवसांचं बिल आलं तर तीस दिवसांच्या अंदाजाशी ते जुळणार नाही, आणि चूक कुणाचीच नसेल.

स्वतंत्र घर असेल तर विहिरीच्या पंपाचा रकाना वेगळा घाला. एक एचपीचा पंप प्रत्यक्षात हजारेक वॅट ओढतो. रोज अर्धा तास चालला तर महिन्याला पंधरा युनिट. फ्लॅटमध्ये पंप सोसायटीच्या मीटरवर असतो.

अंदाज मीटरवर ताडून बघा

कागदावरचं काम झालं की तीन दिवस सकाळी आठला मीटर वाचा, दशांशासकट. भाच्याच्या घरचा अंदाज होता 161, म्हणजे रोजचे 5.4. मीटरवर सरासरी 6.1 आली. रोज 0.7 जास्त. महिन्याला एकवीस युनिट कुठेतरी जात होते.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी imp/kWh च्या आधी एक आकडा लिहिलेला असतो. त्यांच्या मीटरवर 3200 होता. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. एमसीबीच्या पेटीतले बाकीचे स्विच पाडून एकच वस्तू चालू ठेवा आणि पाच मिनिटं लुकलुकणं मोजा. अशा मीटरवर 75 वॅटचा पंखा मिनिटाला 4 वेळा, पाच मिनिटांत 20 वेळा लुकलुकवतो. आम्ही हॉलचा पंखा लावला. भाचेसून मोबाईलवर वेळ बघत होती, मुलगी मोठ्यानं मोजत होती. वीस आले. पंखा खरा होता.

फ्रिज असा पाच मिनिटांत मोजता येत नाही, कारण त्या वेळात त्याचा कॉम्प्रेसर चालू असेल किंवा बंद. त्यासाठी पूर्ण दिवस लागतो. पुढच्या शनिवारी ते तिघं सावंतवाडीला गेले. निघताना फक्त फ्रिजचा एमसीबी वर ठेवला, बाकी सगळे खाली, आणि मीटरचा फोटो काढला. रविवारी त्याच वेळी परत आल्यावर दुसरा फोटो. फरक 1.4 युनिट. अंदाज 0.73 चा होता. गेलेले युनिट सापडले.

फ्रिज घरमालकानं ठेवलेला, काही पावसाळे बघितलेला. दाराच्या रबरात काळी बुरशी धरली होती आणि खालच्या कोपऱ्यात ते कडक होऊन उचललं होतं. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली, वरच्या बाजूला ती घट्ट राहिली, खाली अलगद निघून आली. त्यातून फ्रिज भिंतीला टेकवून ठेवलेला, मागे हवा खेळायला जागाच नाही. रबर बदललं, फ्रिज वीतभर पुढे ओढला. पुन्हा एक दिवस मोजलं तेव्हा 0.9 आले. जुन्या फ्रिजला एवढं ठीक आहे, म्हणून वहीत 22 खोडून 27 लिहिले.

एसी मार्चअखेर बसणार आहे. तो बसल्यावर पहिली आठ रात्र झोपताना आणि उठल्यावर मीटर वाचायचा असं ठरलंय. बेडरूमच्या पंख्याचे आणि फ्रिजचे रात्रीचे युनिट वजा केले की एका रात्रीचा खरा आकडा हातात येईल. साडेपाचच्या आसपास आला तर 165 तसेच राहतील. सातच्या वर गेला तर आधी खिडकीच्या फटी आणि रिमोटवरचं तापमान बघायचं, मगच एसी बसवणाऱ्याला फोन करायचा.